एक्केचाळीस आठवडे आणि तीन दिवस

मी आरोग्यसेविका आहे. मोताळा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर बावीस वर्षं काढली. पाच गावं, आणि त्या गावांतल्या बायकांची पोटं, हाच माझा संसार. कोणती बाई कितव्या महिन्यात आहे, कोणाला रक्त कमी आहे, कोणाला माहेरी जायचंय, हे मला रस्त्यानं चालता चालता आठवत असतं. पण त्या वर्षी दिवाळीनंतर जे झालं, ते माझ्या नोंदवहीतल्या कोणा बाईचं नव्हतं. ते माझ्याच घरातलं होतं, आणि त्यात माझी चूक आहे म्हणूनच ते मी लिहून ठेवते आहे.

माझा धाकटा भाऊ धामणगाव बढ्याला शेती करतो, जोडीला कृषी केंद्र चालवतो. आमची आई त्याच्याजवळ असते. आम्ही तिला माय म्हणतो. भावजय जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची, बीबी गावची. तिची आई लहानपणीच गेली, त्यामुळं पहिलं बाळंतपण माहेरी होणार नव्हतं, आमच्याकडेच होणार होतं. माझं सासर तिथून सहा किलोमीटरवर. तेव्हा सगळ्यांनी धरून चाललेलं होतं की ताई आहे, मग काय काळजी! मीही तेच धरून चालले होते.

तारीख गुरुवारची होती. गुरुवार आला आणि गेला. अंगणात कापसाची गाठोडी पडलेली, वेचायला बाया येऊन राहिलेल्या, आणि भावजय ओट्यावर पाय लांब करून बसलेली. जो येई तो विचारी, "झाली का नाही व अजून?" ती हसून मान हलवी. दोन दिवसांनी हसणं बंद झालं.

सोमवारी मी तिला घेऊन बुलढाण्याला गेले. घाट चढताना प्रत्येक वळणाला ती पोट धरायची आणि मी म्हणायचे, बघ, याच धक्क्यांनी सुरू होतंय. कळा काही सुरू झाल्या नाहीत.

तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्या ओळखीच्या. कितीतरी बायका मी त्यांच्याकडे पाठवलेल्या. त्यांनी आतून तपासलं, मग पोटाला पट्टे बांधून वीस मिनिटं बाळाच्या ठोक्यांची पट्टी काढली. सोनोग्राफीत पोटातलं पाणी मोजलं. सगळं चांगलं होतं.

"गर्भपिशवीचं तोंड अजून घट्ट आहे," त्या म्हणाल्या. "आज काही करत नाही. पण येत्या गुरुवारी एक्केचाळीस आठवडे पूर्ण होतात. तोवर कळा आल्या नाहीत तर गुरुवारी सकाळी भरती व्हायचं. आपण कळा सुरू करू."

भावजयीनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, आपोआप येऊ दिल्या तर नाही का चालणार? मी दर दोन दिवसांनी येते तपासायला. तुम्ही म्हणाल तितक्या वेळा येते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे बघ, बाळाला सगळं वारेतून मिळतं. एक्केचाळीसच्या पुढं काही जणींची वार थकायला लागते. पाणी कमी होतं. बाळ पोटातच शी करतं आणि ते श्वासात जाऊ शकतं. काही बाळं फार मोठी होतात, मग खांदा अडकतो. आणि काही बाळं, थोडीच, पण काही, आतच जातात. बहुतेकांना काही होत नाही. पण कोणाची वार थकणार हे मला आधी कळत नाही, आणि दर आठवड्याला धोका वाढत जातो."

"पण तपासणी चांगली आली तर?"

"तपासणी मला आजचं सांगते. उद्याची हमी देत नाही."

मी तिथंच उभी होते. हेच शब्द मी स्वतः किती ओट्यांवर बसून बोलले आहे! मान डोलावली. गुरुवारी आणते म्हणाले.

घरी आल्यावर मायला सांगितलं, आणि तिथून बिनसायला सुरुवात झाली.

"काऊन?" माय म्हणाली. "काऊन जबरदस्तीनं कळा आणायच्या? तू सोता दहाव्या महिन्यात झाली व. भरून पंधरा दिवस वर झाले होते. मेली का तू?"

"माय, तेव्हा तारीख कोण मोजत होतं?"

"म्या मोजत होती. मले मालूम नाही का मह्या पोटाचं?" ती उठून बसली. "शेजारच्या बुढीच्या नातीले असंच सलाईन लावलं. दोन दिवस वरडली पोरगी. शेवटी कापलंच न पोट? मंग दोन दिवस काऊन हाल केले तिचे?"

यावर उत्तर होतं. कळा सुरू केल्या म्हणून सिझर वाढत नाहीत, उलट उशिरा थांबून राहिल्यानं वाढू शकतात, हे मला शिकवलेलं आहे आणि मी पाहिलेलंही आहे. मी ते मायला सांगितलंही. पण शेजारच्या नातीचा ओरडा मायच्या कानात होता आणि माझं बोलणं नुसतं बोलणं होतं.

मग भावानं एक गोष्ट काढली. आठव्या महिन्यात मोताळ्याला सोनोग्राफी झाली होती, त्या कागदावर बाळंतपणाची तारीख बारा दिवस पुढची होती.

"ताई, हे पाह्य न. मशीनच सांगून राह्यली. अजून दिवस भरलेच नाही तिचे. तू कार्डावर पाळीची जे तारीख लिहिली ते तिनं अंदाजानं सांगतली होती. तिची पाळी तर मागंपुढं होत जाय."

इथं मी थांबून स्वतःबद्दल सांगायला हवं. आठव्या महिन्यातली सोनोग्राफी तारीख ठरवत नाही. त्या वेळी कोणतं बाळ मोठं असतं, कोणतं बारीक असतं. मशीन फक्त मापावरून अंदाज सांगते. तारीख पक्की करायची ती पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून, कारण तेव्हा सगळी बाळं जवळपास एकाच मापाची असतात. आणि शेवटच्या महिन्यांत बाळ तारखेच्या मानानं लहान दिसत असेल, तर ती निश्चिंत होण्याची नाही, उलट जास्त डोळे उघडे ठेवण्याची गोष्ट. हे मी आशाताईंना शिकवते. पण त्या संध्याकाळी भावाच्या हातातल्या कागदावरची ती पुढची तारीख पाहून मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. बारा दिवस मिळाले. मायशी भांडायला नको, भावजयीची भीती वाढवायला नको. मी म्हणाले, "हं. तिच्या पाळीचा तसा भरवसा नव्हताच."

माझ्या तोंडून ते निघालं आणि घरात सगळे मोकळे झाले. ताईनंच म्हटलं म्हटल्यावर प्रश्न मिटला.

गुरुवारी आम्ही गेलो नाही. मी मॅडमना फोनही केला नाही. खरं तर फोन हातात घेतला होता. काय सांगणार होते? की आमच्या घरच्यांना शेवटच्या सोनोग्राफीची तारीख आवडली?

त्याऐवजी मी सकाळी उपकेंद्रावर जाण्याआधी ठोके ऐकायचं यंत्र घेऊन धामणगावला गेले. भावजय आडवी झाली, पोटावर जेल लावलं, आणि घरभर तो आवाज घुमला, घोडा धावल्यासारखा. एकशे चाळीस. माय दारात उभी राहून ऐकत होती. "पाह्य," ती म्हणाली, "कसं दौडून राह्यलं. याले काय धाड भरली?" भावजय हसली. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा हसली.

फक्त मलाच तो आवाज नीट ऐकवेना.

माझी पहिली नेमणूक वेगळ्या तालुक्यात होती. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. एक बाई, दुसरं बाळंतपण, दिवस उलटून दोन आठवडे झालेले. तिची सासू म्हणे पहिलंही असंच उशिरा झालं होतं. मी सोमवारी गेले, नळी लावून ठोके ऐकले, स्पष्ट ऐकू आले. मी म्हणाले, ठीक आहे, वाट पाहू. बोलताना मला किती शहाणं वाटलं होतं. गुरुवारी परत गेले तेव्हा ती भाकरी थापत होती. "बाई, कालपासून लेकरू गप आहे," ती म्हणाली, काळजीनं नाही, सहज, जसं आज ऊन कमी आहे म्हणावं तसं. मी नळी इथं लावली, तिथं लावली. पोटभर फिरवली. माझेच ठोके मला ऐकू येत होते. त्या बाईनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातलं पीठ झटकून टाकलं.

ते बाळ पूर्ण वाढलेलं होतं. केस दाट, नखं बोटांच्या पुढं आलेली. कोणी मला बोललं नाही. माझ्या वरिष्ठांनीही नाही, कारण तेव्हा तसंच चालायचं. ही गोष्ट मी नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती.

शुक्रवारीही ठोके ऐकले. एकशे छत्तीस. भावजयीला मी सांगून ठेवलं होतं, जेवल्यावर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजायची, दोन तासांत दहा वेळा तरी हललं पाहिजे. ती इमानानं मोजायची, भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागं पेन्सिलनं रेघा ओढायची. शुक्रवारी दहा रेघा व्हायला पाऊण तास लागला.

शनिवारी दुपारी मी तिच्याजवळ बसले असताना सहज विचारलं, "तुला आधी कुठं सोनोग्राफी झाली नव्हती ना? मोताळ्याच्या आधी?"

"झाली होती की," ती म्हणाली. "बीबीला गेले होते तेव्हा थोडं रक्त दिसलं होतं. दादानं मेहकरला नेलं होतं. कागद तिकडंच राहिला. पण यांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता."

मला दुकानावर बसलेल्या भावाला फोन करायला पाच मिनिटं लागली. त्यानं शोधून फोटो पाठवला. थोडा वाकडा काढलेला, पण अक्षर वाचता येत होतं. आठ आठवडे चार दिवस. मी पर्समधलं पेन काढून हाताच्या तळव्यावर हिशेब केला, मग परत केला. माझ्या कार्डावरची तारीख एका दिवसानं चुकत होती, बस. बाकी सगळं बरोबर. कार्डाच्या हिशेबानं आज एक्केचाळीस आठवडे आणि दोन दिवस झाले होते. बारा दिवस कुठंच नव्हते.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. तारीख बरोबर आहे आपली. जावं लागेल."

"आज?"

आणि इथं मी पुन्हा घसरले. शनिवारची दुपार, भाऊ दुकानावर, माय बाहेर कापूस मोजून घेत होती, तिच्याशी परत सगळं पहिल्यापासून बोलायचं. मी म्हणाले, "उद्या रविवार आहे. ओपीडी बंद असते. सोमवारी सकाळी जाऊ."

प्रसूती विभागाला रविवार नसतो. हे मला माहीत नव्हतं असं मी कोणाला सांगू शकत नाही.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास भावजयीचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. "ताई, सकाळपासून झोपलंय वाटतं. चहा घेतला, गोड खाल्लं, कुशीवर पडले. दीड तास झाला. तीनच रेघा झाल्या."

नवऱ्यानं मोटारसायकल काढली. मी मागं बसले, आणि सहा किलोमीटर मला भाकरी थापणारी ती बाई दिसत होती. धामणगावला पोचल्यावर चप्पल न काढता आत गेले आणि यंत्र पोटावर ठेवलं. ठोके होते. एकशे बत्तीस. मी यंत्र तसंच धरून जमिनीवर बसले.

"हाये न?" माय म्हणाली. "मंग? उगीच घाबरवून राह्यली पोरीले."

"माय," मी म्हणाले, "ठोके असले म्हणजे लेकरू जिवंत आहे एवढंच. ते खुशाल आहे असं नाही. मी गुरुवारीच न्यायला पाहिजे होतं. तुझ्या भीतीनं नेलं नाही. आता तू काही बोलू नको."

मी मायला असं कधी बोलले नव्हते. ती आत गेली आणि पाच मिनिटांत साडी बदलून, पिशवी भरून बाहेर आली. "म्या बी येतो," म्हणाली.

भावानं ओळखीच्या माणसाची गाडी आणली. आम्ही घाटाला लागलो. भावजय डाव्या कुशीवर, डोकं मायच्या मांडीवर. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले होते आणि मनातल्या मनात हालचाल मोजत होते. घाट संपेपर्यंत एकच.

मॅडम ड्यूटीवर होत्या. मला पाहून त्यांनी फक्त विचारलं, "गुरुवारचं काय झालं?" मी मान खाली घातली. त्यांनी पट्टे मागवले.

ठोक्यांची पट्टी निघायला लागली. बाळ चांगलं असलं की ते हललं की ठोके वर चढतात, कागदावर टेकड्या दिसतात. वीस मिनिटं झाली, रेघ जवळजवळ सपाट. माय विचारू लागली, "काय म्हणून राह्यली ते रेघ?" मॅडम म्हणाल्या, "झोपलं असेल, अजून वीस मिनिटं बघू." पस्तिसाव्या मिनिटाला एक टेकडी आली. मग अजून एक. मॅडमनी श्वास सोडला, आणि मी तो ऐकला.

"पट्टी पास झाली म्हणू या," त्या म्हणाल्या. मग सोनोग्राफीचं यंत्र सरकवलं, आणि बराच वेळ पोटावर इकडं तिकडं फिरवलं. "पाणी मात्र गेलंय. सोमवारी भरपूर होतं. आज सगळ्यात मोठी जागासुद्धा दोन सेंटीमीटरची नाही."

भावजय म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे वार थकत चालली आहे. अजून बाळ तग धरून आहे. आता वाट पाहायची वेळ संपली. आज कळा सुरू करायच्या."

माय पुढं झाली. "मॅडम, सिझरच करून टाका न मंग. एकदाचं सुटंल."

मला मायचं आश्चर्य वाटलं. मॅडमना वाटलं नाही. त्या स्टुलावर बसल्या आणि मायशी सावकाश बोलल्या. "आजी, ठोके आत्ता चांगले आहेत, म्हणून आधी नीट बाळंतपणाचा प्रयत्न करू. तोंड बंद आहे. ते मऊ करायला जेल असतं, गोळ्या असतात. पण त्यांनी कधी कधी कळा एकदम जोरात येतात, आणि या बाळाकडं आता राखीव ताकद कमी आहे. म्हणून मी नळीचा फुगा लावणार. तोंडाच्या आत छोटा फुगा पाण्यानं फुगवतात, तो हळूहळू तोंड उघडतो. पट्टे पोटावर राहतील, ठोक्यांवर सारखं लक्ष राहील. बाळ दमतंय असं दिसलं की लगेच सिझर. भूल देणारे डॉक्टर इथंच आहेत."

मायनं विचारलं, "किती वेळ लागंल?"

"उद्या दुपारपर्यंतही लागेल."

भावानं सही केली. भावजयीनंही केली. सही करताना ती मला म्हणाली, "ताई, मला लई भ्या वाटतंय." मी म्हणाले, मलाही. तिला खोटं सांगायची माझी हिंमत उरली नव्हती.

एक वाजता फुगा लावला. संध्याकाळपर्यंत कंबर दुखायला लागली, रात्री बारीक कळा. सोमवारी सकाळी फुगा आपोआप बाहेर पडला. तोंड चार सेंटीमीटर उघडलं होतं. मॅडमनी पाणी काढलं, म्हणजे बाळाभोवतीची पिशवी फोडली. पाणी म्हणावं असं काही नव्हतंच. थोडं आलं, ते हिरवट.

मी ते कापडावर पाहिलं. भावजयीला दिसू नये म्हणून मध्ये उभी राहिले. बाळानं आत शी केली होती. नवजात बाळांच्या डॉक्टरांना निरोप गेला. सलाईनमधून कळांचं औषध सुरू झालं, थेंब मोजून.

दुपारपर्यंत कळा जोरात आल्या. भावजय माझा हात इतका दाबायची की अंगठी रुतायची. तिच्या बाजूला यंत्रातून ठोक्यांचा आवाज येत होता आणि मी त्या आवाजावर जगत होते. दोनच्या सुमारास एक कळ ओसरली, पण ठोके वर यायच्या ऐवजी खाली गेले. शंभर. नव्वद. खोलीतल्या सगळ्याजणी थांबल्या. सिस्टरनं औषध बंद केलं, भावजयीला पूर्ण डाव्या कुशीवर वळवलं, दुसरं सलाईन जोरात सोडलं. एकशे दहा. एकशे तीस. पुढच्या कळेला परत नव्वद.

मॅडमनी आत तपासलं. "तोंड पूर्ण उघडलंय. डोकं खाली आलंय. ऑपरेशनची खोली तयार ठेवा, पण आता इथूनच लवकर होईल." त्या भावजयीच्या कानाशी वाकल्या. "बाई, आता एवढं एकदा. बाळाला बाहेर काढायचं आहे. कळ आली की सगळी ताकद लाव, मी खालून ओढून मदत करते."

बाळाचं डोकं ओढून घ्यायचा व्हॅक्यूमचा कप लावला. पहिल्या कळेला डोकं दिसलं. दुसऱ्या कळेला बाहेर आलं.

बाळ रडलं नाही.

मुलगी होती. लांब, हडकुळी, कातडी कोरडी आणि मनगटांवर सोललेली, नाळ पिवळट हिरवी, नखं लांब. मी ते सगळं एका नजरेत पाहिलं. बाळांच्या डॉक्टरांनी तिला उबेच्या टेबलावर घेतलं, पुसलं, मान सरळ केली, तोंडावर छोटा मास्क धरून पिशवी दाबायला लागले. एक, दोन, तीन. छाती वर येत होती. दाबलं की येत होती, सोडलं की नाही.

"काय झालं? रडलं का?" भावजय ओरडत होती. "ताई! रडलं का?"

मी म्हणाले, "डॉक्टर करतायत."

एक मिनिट झालं असेल. मला ते किती वाटलं ते सांगत नाही. मग तिनं पाय आखडला आणि मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज काढला. मग परत. मग सलग. डॉक्टरांनी मास्क बाजूला केला. भावजय रडायला लागली, सिस्टर रडली नाही पण तिनं हातमोजे काढून उगाचच परत दुसरे घातले.

मुलीचा श्वास फार भरभर होता, म्हणून तिला नवजात बाळांच्या कक्षात नेलं, ऑक्सिजन लावला. ती चार दिवस तिथं होती. पहिले दोन दिवस डॉक्टर फक्त "बघू" म्हणत होते. मला बघू या शब्दाचा अर्थ माहीत आहे, तो मी लोकांना स्वतः सांगत आले आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, श्वास सावकाश व्हायला लागलाय, दूध द्यायला सुरुवात करू.

माय त्या कक्षाच्या काचेबाहेर बाकावर बसून असायची. मॅडम जाताना तिच्यापाशी थांबल्या एकदा. मायनं विचारलं, "मॅडम, आम्ही गुरुवारी आणलं असतं तर असं झालं नसतं न?"

"आजी, तेव्हाही कदाचित झालं असतं, कदाचित नाही. ते मी सांगू शकत नाही. पण अजून चार-आठ दिवस थांबला असता, तर आत्ता मी तुमच्याशी काय बोलत असते, ते मला सांगता येतं."

मायनं पदर तोंडाला लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मह्यामुळं झालं हे."

"नाही," मी म्हणाले. "तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

हे भावजयीलाही सांगायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या खाटेवर बसून सांगितलं. शेवटच्या सोनोग्राफीची ती तारीख खोटी आहे हे मला पहिल्यापासून कळत होतं, शनिवारी फोटो पाहिल्यावर तर पक्कं होतं, आणि तरीही मी सोमवार म्हणाले. त्या पहिल्या तालुक्यातल्या बाईचंही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या ताई.

ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं, आणि तरी मला रेघा मोजायला लावल्या."

ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्यानंतर ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. पाणी द्या, सिस्टरला बोलवा, एवढंच. मी रजा वाढवली आणि तिथंच राहिले. भाऊ यायचा, जायचा. त्याला सगळं कळलं होतं, तो डब्याची पिशवी माझ्या हातात न देता मायच्या हातात द्यायचा.

पाचव्या दिवशी सकाळी मुलीला आईजवळ दिलं. तिला स्तन तोंडात धरता येईना, तोंड उघडायची आणि बाजूला फिरायची. अर्धा तास असाच गेला. भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. माय बाहेर होती. मी कोपऱ्यात उभी होते, पुढं व्हावं की नाही कळत नव्हतं.

"तिथं काय उभ्या राहिलाय?" ती म्हणाली. "मला येत नाहीये. दाखवा ना."

मी जाऊन बसले. मुलीची मान हाताच्या वळणात घेतली, तिचं पोट आईच्या पोटाला लावलं, आणि तिनं मोठं तोंड उघडेपर्यंत वाट पाहिली. तिनं पकड घेतली. भावजय दचकली, मग सैल झाली. दोघी तशाच बराच वेळ होत्या, आणि मी मुलीच्या पाठीखाली हात धरून बसून राहिले, हाताला मुंग्या येईपर्यंत.